९ चे १० मिलिमीटर झाले, म्हणजे गाठ वाढली का?

*आई ६१ वर्षांची आहे. सिगारेट कधी नाही, कॅन्सर कधी नाही. चार महिन्यांपूर्वी ताप-खोकला बरा होईना म्हणून छातीचा सीटी केला. त्यात दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात ‘ग्राउंड ग्लास’चे पट्टे, उजव्या वरच्या खंडात ११ × ७ मिमीचं ‘ग्राउंड ग्लास नोड्यूल’ आणि डाव्या बाजूला फिशरला लागून ५ मिमीचं एक नोड्यूल निघालं. आता दुसऱ्या सेंटरवर पुन्हा सीटी केला. खालचे पट्टे गेलेत, डावीकडचं तेवढंच आहे. पण उजवीकडच्याला आता ‘पार्ट-सॉलिड, ११ × ९ मिमी, सॉलिड भाग ३ मिमी’ म्हटलंय आणि शेवटी ‘आकारात वाढ’ असं लिहिलंय. एक जण पेट स्कॅन करा म्हणतात, एक जण सुई घालून तुकडा काढा म्हणतात, एक जण आधी अँटिबायोटिकचा कोर्स द्या म्हणतात. आईला आता खोकलाही नाही. गाठ वाढली आहे का? आणि यातलं काय करायचं?*

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून गाठ वाढली असं म्हणता येत नाही. वाढलेली नाही असंही अजून ठामपणे म्हणता येत नाही. पेट, सुई आणि अँटिबायोटिक या तिन्हींची आज गरज दिसत नाही. आधी दोन्ही सीटींची मूळ चित्रं एकाच रेडिओलॉजिस्टने शेजारीशेजारी लावून पाहायला हवीत. त्यांनी नेमकं काय पाहायचं आणि का, ते सांगतो.

आईच्या रिपोर्टात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यामुळे गोंधळ झाला आहे. त्यातल्या दोन लगेच बाजूला ठेवता येतात.

पहिली गोष्ट खालचे पट्टे. ‘ग्राउंड ग्लास’ हे आजाराचं नाव नाही, चित्रात जे दिसतं त्याचं वर्णन आहे. सीटीत निरोगी फुफ्फुस जवळजवळ काळं दिसतं, कारण त्यात हवा असते. एखाद्या भागात त्या हवेची थोडी जागा पाणी, पू, रक्त किंवा पेशींनी घेतली, किंवा तो भाग नीट फुगलाच नाही, की तिथे दुधी काचेसारखी धूसर छटा येते. ओळखायची खूण अशी की त्या धूसरपणातूनही रक्तवाहिन्यांच्या रेघा दिसत राहतात. त्या रेघा पुसल्या जाण्याइतका भाग पांढरा झाला, की रिपोर्टात ‘कन्सॉलिडेशन’ हा शब्द येतो. ताप-खोकल्याच्या दिवसांत दोन्ही बाजूंना आलेले आणि चार महिन्यांत पूर्ण गेलेले पट्टे बहुधा संसर्गाचेच होते. उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग दबून, किंवा श्वास अर्धवट घेतल्यामुळेही तिथे अशी छटा येते. कारण काहीही असो, ते आता नाहीत आणि त्यांच्यामागे लागायचं कारणही उरलेलं नाही.

दुसरी गोष्ट डावीकडची ५ मिमीची. फुफ्फुसाच्या दोन खंडांमध्ये जी पातळ सीमारेषा असते तिला फिशर म्हणतात. तिला चिकटलेल्या, गुळगुळीत कडेच्या, त्रिकोणी किंवा चपट्या लहान गाठी बहुतेक वेळा फुफ्फुसातल्या साध्या लसिका गाठी असतात. आकार असाच असेल तर त्यांच्यासाठी वेगळ्या सीटीची गरज नसते. शिवाय ही ६ मिमीच्या आतली आहे आणि चार महिन्यांत हललेली नाही. रेडिओलॉजिस्टना एवढंच विचारा, “ही फिशरवरची लसिका गाठ वाटते का?” ते हो म्हणाले तर हा विषय संपला.

आता उरली उजव्या वरच्या खंडातली.

रिपोर्टात दोन आकडे असतात तेव्हा पहिला सर्वांत लांब व्यास असतो आणि दुसरा त्याच चित्रात त्याला काटकोनात मोजलेला. तुलनेसाठी दोन्हींची सरासरी घेतात आणि ती पूर्ण मिलिमीटरमध्ये मांडतात. म्हणजे आधीची गाठ ११ आणि ७ ची सरासरी ९ मिमी, आत्ताची ११ आणि ९ ची सरासरी १० मिमी. फरक १ मिमीचा. अचानक सापडलेल्या नोड्यूलसाठी फ्लायश्नर सोसायटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात. त्यांत सरासरी व्यास किमान २ मिमीने वाढला तरच वाढ धरायची, असं आहे. कारण त्याहून लहान फरक मोजणीतच येतो.

तो कसा येतो हे एकदा डोळ्यांसमोर आणा. घट्ट, सॉलिड गाठीची कड रेखीव असते. ग्राउंड ग्लासची कड धुरासारखी विरत जाते. पडद्यावर मोजपट्टीचं टोक त्या विरत्या कडेवर कुठे ठेवायचं हे मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. एकाच डॉक्टरने तीच गाठ तासाभराने पुन्हा मोजली तरी मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं. त्यात पेशंटने श्वास किती खोल घेतला यावर गाठीचा आकार थोडा बदलतो. चित्र आडव्या छेदात मोजलं की उभ्या, आणि पडद्यावर काळ्या-पांढऱ्याची सेटिंग कुठली होती, यानेही आकडा हलतो. आईच्या बाबतीत सेंटर वेगळं, मशीन वेगळं, मोजणारा वेगळा. तरी लांब व्यास दोन्ही वेळा ११ च आला आहे, फरक फक्त आखूड व्यासात आहे. ७ आणि ९ हे अंतर दोन माणसांनी धूसर कडेवर दोन ठिकाणी टोक ठेवल्यानेही पडू शकतं.

हे घनफळाच्या अंगाने पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं. गाठ गोल धरली तर व्यास सुमारे २६ टक्के वाढला की घनफळ दुप्पट होतं. ८ ची गाठ १० मिमी झाली, तर कागदावर २ मिमीच वाढले, पण प्रत्यक्षात ती जवळजवळ दुप्पट झाली. म्हणून डॉक्टर घनफळ दुप्पट व्हायला किती दिवस लागले ते पाहतात. सॉलिड स्वरूपाच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा काळ साधारण १०० ते ४०० दिवसांचा असतो. ग्राउंड ग्लास प्रकारातल्या गाठी मात्र फार संथ असतात. त्यांतल्या ज्या खरंच कॅन्सरच्या निघतात, त्यांनाही दुप्पट व्हायला सरासरी तीन ते पाच वर्षं लागतात.

हा हिशेब आईच्या गाठीला लावा. ९ मिमीची गाठ तीन वर्षांत दुप्पट होणारी असेल, तर तीन वर्षांनी तिचा व्यास सव्वाअकरा मिमीच्या आसपास जाईल. त्यातल्या पहिल्या चार महिन्यांत ती किती वाढेल? पाव मिलिमीटरही नाही. हे कुठल्याही रिपोर्टात दिसणार नाही. उलट बाजूने, ९ ची खरोखर १० झाली असेल तर घनफळ चार महिन्यांत ३७ टक्के वाढलं, म्हणजे ती साधारण नऊ महिन्यांत दुप्पट होते आहे. या जातीच्या गाठीला तो वेग शोभत नाही. अशक्य नाही, पण १ मिमी मोजणीत हलला असण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त आहे.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. चार महिन्यांनी केलेला दुसरा सीटी गाठ वाढली का हे पाहायला नसतोच. तो पाहायला असतो की ती टिकली का. पुष्कळ ग्राउंड ग्लास नोड्यूल संसर्गाचे किंवा सुजेचे असतात आणि तीनेक महिन्यांत विरून जातात. आईचे खालचे पट्टे गेले तशी हीही गेली असती, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. ती टिकली, एवढंच खरं उत्तर या सीटीने दिलं. टिकली म्हणजे आता लक्ष ठेवायला हवं. टिकली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. जुन्या जखमेचा व्रणही असाच टिकतो.

आकारापेक्षा मला जास्त विचार करायला लावतात ते ‘सॉलिड भाग ३ मिमी’ हे शब्द. पहिल्या रिपोर्टात ते नव्हते. या गाठींमध्ये धोका ठरतो तो मुख्यतः आतल्या सॉलिड भागावरून. बाहेरच्या धुक्याच्या आकाराला तेवढं वजन नसतं. गाठ कॅन्सरच्या वाटेवरची असेल, तर धूसर भागातल्या पेशी हवेच्या पिशव्यांच्या भिंतींवरून पसरत असतात आणि आजूबाजूच्या ऊतीत घुसलेल्या नसतात. घुसखोरी झालेला भाग बऱ्याचदा सॉलिड दिसतो. म्हणूनच अशा कॅन्सरचा टप्पा ठरवतानाही सॉलिड भागाचं माप धरतात, धुक्यासह एकूण माप नाही. १० मिमीच्या गाठीत ३ मिमी सॉलिड आणि १० मिमीच्या गाठीत ८ मिमी सॉलिड, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, जरी रिपोर्टात दोन्ही ‘१० मिमी’ असल्या तरी.

मग हा ३ मिमीचा भाग चार महिन्यांत नवा उगवला, की आधीपासून होता आणि दिसला नव्हता? याचं उत्तर बहुतेक वेळा स्लाइसच्या जाडीत सापडतं. सीटीचं चित्र म्हणजे शरीराचे पातळ काप. काप ५ मिमी जाडीचा असेल तर त्या ५ मिमीत जे जे आहे त्या सगळ्याची सरासरी काढून मशीन एकच छटा दाखवतं. त्यात ३ मिमीचा सॉलिड कण आणि उरलेलं २ मिमी धुकं किंवा हवा असेल, तर पांढरा कण राखाडी होऊन धुक्यात मिसळतो, आणि कण दोन कापांच्या सीमेवर पडला तर आणखीच फिका होतो. तीच गाठ १ मिमीच्या कापांवर पाहिली की कण ठळक उठून दिसतो. ताप-खोकल्यासाठी केलेल्या सीटीचं वाचन जाड कापांवर होणं आणि नोड्यूलच्या तपासणीसाठी केलेल्या सीटीचं पातळ कापांवर होणं, हे नेहमी घडतं. त्यामुळे ‘आधी ग्राउंड ग्लास, आता पार्ट-सॉलिड’ हा बदल कित्येकदा गाठीत झालेलाच नसतो, कापात झालेला असतो. उलटही होतं. गाठीतून जाणारी बारीक रक्तवाहिनी एका कापात गोल पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते आणि सॉलिड भाग म्हणून मोजली जाते. पातळ काप वरखाली सरकवले की तो ठिपका लांबत जाऊन वाहिनीला मिळतो आणि खुलासा होतो.

तेव्हा पहिलं काम असं करा. दोन्ही सेंटरवरून सीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्या. छापील फिल्म पुरत नाही, तिच्यावर निवडक काप लहान करून छापलेले असतात. पहिल्या सेंटरला स्पष्ट सांगा की १ ते दीड मिमीच्या पातळ कापांची, फुफ्फुसाच्या सेटिंगमधली मालिका हवी आहे. सीडीवर कधीकधी फक्त जाड मालिका टाकलेली असते आणि पातळ मालिका त्यांच्या सर्व्हरवर पडून असते. ती नसेल तर मशीनवरच्या मूळ माहितीतून नवी बनवता येईल का हेही विचारा. अनेक ठिकाणी ही मूळ माहिती लवकर पुसली जाते, त्यामुळे चार महिन्यांनी ती मिळेलच असं नाही. पण विचारायला काही लागत नाही. मग दोन्ही सीडी छातीचे सीटी नेहमी पाहणाऱ्या एका रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी मागा. एक, दोन्ही सीटींत एकाच पद्धतीने, एकाच छेदात मोजलेला सरासरी व्यास. दोन, सॉलिड भाग पहिल्या सीटीत होता का, आणि असल्यास किती. तीन, दोन्ही सीटींत वापरलेल्या कापांची जाडी. ‘आकारात वाढ’ हे वाक्य दुसऱ्या रेडिओलॉजिस्टने पहिली चित्रं पाहून लिहिलं, की फक्त पहिल्या रिपोर्टातला आकडा वाचून, हेही कळून घ्या. रिपोर्टात ‘जुन्या रिपोर्टशी तुलना’ आणि ‘जुन्या चित्रांशी तुलना’ यातला कुठला शब्द आहे ते पाहा. चित्रं न पाहता केलेल्या तुलनेवर मी कुठलाही मोठा निर्णय घेऊ देणार नाही.

या फेरवाचनातून तीनपैकी एक उत्तर येईल.

सॉलिड कण पहिल्या सीटीतही तेवढाच होता असं निघालं, तर गाठ टिकलेली आहे पण स्थिर आहे. ६ मिमी किंवा मोठी पार्ट-सॉलिड गाठ आधी तीन ते सहा महिन्यांनी पाहायची, आणि ती तशीच असेल व सॉलिड भाग ६ मिमीच्या आत असेल तर पाच वर्षं दर वर्षी एक सीटी करायचा, असा फ्लायश्नरचा नियम आहे. तीन ते सहा महिन्यांची पायरी आईची झाली. म्हणजे पुढचा सीटी वर्षाने. पाच वर्षं हा आकडा ऐकून दडपण येतं हे समजतं. पण तो ठेवला आहे तो गाठ संथ असते म्हणूनच. सॉलिड गाठ दोन वर्षं स्थिर राहिली की सहसा पाठपुरावा थांबवतात. धूसर गाठीला तेवढा काळ अपुरा पडतो.

जुने पातळ काप मिळालेच नाहीत, तर सॉलिड भागाच्या बाबतीत आत्ताचा सीटी हाच पहिला धरावा लागेल. या परिस्थितीत छातीविकारतज्ज्ञ वर्षभर थांबण्याऐवजी सहा महिन्यांनी एक सीटी करून घ्या म्हणाले तर ते रास्त आहे. त्याचा अर्थ त्यांना काही वाईट दिसलं असा लावू नका.

आणि पहिल्या सीटीच्या पातळ कापांत त्या जागी निव्वळ धुकं होतं, कण खरंच नवा आहे, असं निघालं, तर तो खरा बदल आहे. मग एकूण व्यास ९ आहे की १० याला फारसा अर्थ उरत नाही. अशा वेळी छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि छातीचे सर्जन यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. कण ३ मिमीचाच असेल तर बहुधा तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहतील. तो वाढतो आहे असं दिसलं तर फुफ्फुसाचा तेवढाच लहान भाग काढण्याचा विषय निघेल. हाही धावपळीचा निर्णय नाही. घुसखोरीचा भाग ५ मिमीच्या आत असताना काढलेल्या अशा गाठी पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण अत्यल्प असतं, आणि त्या इतक्या संथ असतात की विचार करायला घेतलेले काही आठवडे सहसा काही बिघडवत नाहीत.

तुम्हाला सुचवलेल्या तीन गोष्टींबद्दल आता. पेट स्कॅनमध्ये शरीरात सोडलेली किरणोत्सारी साखर कुठल्या पेशी जास्त खेचतात ते दिसतं. सॉलिड भाग साधारण ८ मिमीपेक्षा लहान असला की चित्रात उठायला पुरेशी साखरच तिथे जमत नाही, आणि धूसर गाठी तर कॅन्सरच्या असल्या तरी साखर कमी खेचतात. आईचा पेट स्कॅन आज केला तर तो बहुतेक ‘काही नाही’ असाच येईल. त्या उत्तराने तुम्ही निर्धास्त व्हाल, पुढचा सीटी टाळाल, आणि नुकसान होईल ते तिथे. शिवाय नुकताच संसर्ग होऊन गेलेला असल्याने एखादी निष्पाप लसिका गाठ चमकून नवीच काळजी लागू शकते.

सुईचा अडथळा वेगळा आहे. १० मिमीच्या गाठीतल्या ३ मिमीच्या कणात, हलत्या फुफ्फुसात, सुईचं टोक बरोबर नेणं अवघड असतं. सुई कडेच्या धुक्यातून गेली आणि तुकड्यात काही सापडलं नाही, तर ‘काही नाही’ असं त्यावरून म्हणता येत नाही, कारण हव्या त्या जागेचा तुकडा आलाच नाही. फुफ्फुसातून हवा गळून ते आकसण्याचा धोका मात्र राहतोच. सॉलिड भाग मोठा झाला की हाच तोल बदलतो, तेव्हा सुईला अर्थ येतो.

अँटिबायोटिकबद्दल इतकंच की आईला ताप नाही, खोकला नाही, आणि गाठ चार महिने टिकलेली आहे. जिवाणूंचा संसर्ग असा शांत बसून राहत नाही. लक्षणं नसताना दिलेल्या कोर्सने गाठीबद्दल नवं काही कळत नाही.

पुढच्या प्रत्येक सीटीनंतर रिपोर्ट हातात आला की काय शोधायचं तेही सांगून ठेवतो. तुलना नेहमी सर्वांत जुन्या सीटीशी व्हायला हवी, फक्त मागच्याशी नाही. दर वर्षी अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढणारी गाठ मागच्या वर्षीच्या चित्राशेजारी ‘स्थिर’च दिसते, आणि पाच रिपोर्टांत पाच वेळा ‘स्थिर’ लिहून येतं. पहिल्या चित्राशेजारी ठेवली की ती अडीच-तीन मिमीने वाढलेली दिसते. म्हणून जुन्या सीडी जपून ठेवा, प्रत्येक वेळी सोबत न्या आणि शक्यतो एकाच सेंटरवर करा. सॉलिड भाग ६ मिमी किंवा जास्त झाला, किंवा कुठल्याही दोन सीटींत तो स्पष्ट वाढलेला दिसला, तर वार्षिक तपासणीची वाट न पाहता छातीविकारतज्ज्ञांना गाठा.

एका फसव्या वाक्याकडे विशेष लक्ष द्या. रिपोर्टात कधी ‘आकारात घट’ असं येईल आणि घरात सुटकेचा श्वास सोडला जाईल. पण गाठ लहान होताना फिकी झाली की गडद, ते विचारा. लहान आणि फिकी झाली तर ती विरते आहे. लहान पण घट्ट आणि पांढरी झाली, तर आतली हवेची पोकळी मिटून ऊती आकसल्या असण्याची शक्यता असते, आणि ते वाढण्याइतकंच गंभीरपणे पाहावं लागतं. कडा काटेरी होणं, शेजारचा प्लुरा, म्हणजे फुफ्फुसावरचं पातळ आवरण, आत ओढला जाणं, हेही त्याच बाजूचं.

वर दिलेलं वेळापत्रक आईला लागू होतं, कारण तिचं वय ३५ च्या वर आहे, आधी कॅन्सर झालेला नाही, आणि गाठ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अचानक सापडली. ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असेल, स्टेरॉइडचा लांबचा कोर्स चालू असेल, किंवा पूर्वी शरीरात कुठेही कॅन्सर होऊन गेला असेल आणि तुम्ही तो ‘जुनी गोष्ट’ म्हणून लिहिला नसेल, तर हे नियम लागू पडत नाहीत. तेव्हा डॉक्टरांना ते आधी सांगा. सख्ख्या नात्यात कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. सिगारेट कधीच न ओढलेल्या माणसातही या धूसर प्रकारच्या गाठी सापडतात, त्यामुळे ‘सिगारेट नाही’ एवढ्यावर पाठपुरावा सोडू नका. आणि थुंकीतून रक्त आलं, वजन विनाकारण उतरू लागलं किंवा दम लागू लागला, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका.

पुढच्या सीटीची चिठ्ठी घेताना डॉक्टरांकडून तिच्यावर एवढं लिहून घ्या: छातीचा सीटी, कॉन्ट्रास्टशिवाय, कमी डोसचा, १ मिमी काप, नोड्यूलच्या पाठपुराव्यासाठी, जुन्या चित्रांशी तुलना करून. नोड्यूल मोजायला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही आणि पाच वर्षांत अनेकदा तपासणी होणार असल्याने डोस कमी असलेला बरा. मशीनवर “श्वास घ्या आणि धरा” असं सांगतील तेव्हा आईने छाती पूर्ण भरून श्वास घ्यावा. घरी दोन-तीनदा सराव करून घ्या, दहा सेकंद धरता आला तरी पुरतो. श्वास अर्धा राहिला तर अख्खं फुफ्फुस थोडं धूसर येतं आणि नेमकी आपल्याला पाहायची ती कडच त्यात हरवते. त्या आठवड्यात आईला सर्दी-खोकला असेल तर तारीख तीन-चार आठवडे पुढे ढकला. खालचे पट्टे परत दिसू लागले तर पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होईल.